बँकेतून बोलतोय, कोड सांगा: फोन ठेवण्याआधी आणि ठेवल्यानंतर नेमकं काय करायचं

फोन येतो, पलीकडचा माणूस बँकेतून बोलतोय असं सांगतो, तुमच्या नंबरवर आलेला कोड वाचून दाखवायला सांगतो. तुम्ही देत नाही, फोन ठेवता. बहुतेकांच्या लेखी विषय इथे संपतो. ‘मी काही त्याच्या नादी लागलो नाही’ असं घरात सांगून होतं, मेसेज पुसला जातो. पण तो कोड आला कसा? बँकेच्या यंत्रणेला तो पाठवायची हुक्की आली नव्हती. कुणीतरी तुमच्या नावाचा फॉर्म अर्धा भरून बसला होता आणि त्याला फक्त शेवटची चौकट भरायची होती. तुम्ही फोन ठेवलात म्हणून ती चौकट रिकामी राहिली. आधीच्या चौकटींत लिहिलेलं मात्र त्याच्याकडे अजूनही आहे.

दुसरी चूक नेमकी उलटी. ज्यांनी कोड सांगून टाकलेला असतो ते धावतपळत पासवर्ड बदलतात आणि सुटकेचा श्वास सोडतात. बँकेच्या तक्रार कक्षात मी काही वर्षं काढली आहेत. ‘पासवर्ड तर लगेच बदलला होता, मग नंतर पैसे कसे गेले?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की या लेखाचा अर्धा भाग त्याच्याच उत्तरासाठी आहे.

## आधीची तयारी

ही तयारी आजच करून ठेवा. फोन आल्यावर डोकं जागेवर नसतं आणि त्या वेळी बँकेचा नंबर शोधायला निघालेला माणूस हमखास चुकीच्या दारात जातो.

कार्डाच्या मागच्या बाजूला बँकेचा मदत क्रमांक छापलेला असतो. तो कागदावर लिहा आणि कागद घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा. मोबाइलमध्ये साठवायला हरकत नाही, पण कागद लागतोच. मोबाइल त्याच भामट्याच्या कॉलमध्ये अडकलेला असू शकतो. शिवाय कार्ड हाताशी नसेल तर मागचा नंबर वाचणार कसा? कागदावर खातं कोणत्या शाखेत आहे आणि ग्राहक क्रमांक काय, एवढंच आणखी लिहा. पिन, पासवर्ड किंवा कार्डाचा पूर्ण नंबर त्यावर नको.

मग बँकेचं ॲप उघडा आणि दोन जागा शोधून ठेवा. पहिली, कार्ड तात्पुरतं बंद करायचं बटण. दुसरी, ‘नोंदणी केलेली उपकरणं’ किंवा तत्सम नावाची यादी, म्हणजे तुमचं खातं कोणकोणत्या फोनवर चालू आहे ते. सगळ्या ॲपमध्ये ही दुसरी यादी नसते. नसेल तर तेही आजच कळलेलं बरं, कारण मग ते काम फोनवरून बँकेकडूनच करून घ्यावं लागेल. त्याच बैठकीत रोजच्या व्यवहाराची मर्यादा तुम्हाला खरोखर लागते तेवढीच करून टाका.

शेवटचं, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही असं करा. कोड चोरायला तुमचं तोंडच उघडावं लागतं असं नाही, टेबलावर पडलेला फोनही तो दाखवतो.

तपासा: घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा, ‘माझं कार्ड आत्ता बंद करायचं असेल तर कुठे फोन करशील?’ त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं तर तयारी झाली.

## टप्पा १: फोन चालू असताना

पहिल्या अर्ध्या मिनिटात तो माणूस कोड मागत नाही. आधी तो तुम्हाला तुमच्याच पैशांची धास्ती घालतो. ‘तुमच्या कार्डावरून आत्ता ४८,५०० चा व्यवहार झालाय, तुम्ही केलाय का?’ तुम्ही अर्थातच नाही म्हणता. ‘मग मी थांबवतो. तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड येईल, तो व्यवहार रद्द करायचा कोड आहे.’ आणि खरंच कोड येतो, तोही बँकेच्या नावानं, बँकेचे जुने मेसेज जिथे दिसतात त्याच रांगेत. माणूस सांगतो तसंच घडतंय म्हटल्यावर विश्वास बसतो. हा मेसेज बहुतेक वेळा बँकेचाच, अगदी अस्सल असतो. तो खोटा असेल या आशेवर राहू नका. खोटा आहे तो फोनवरचा माणूस.

आता करायचं काम एकच: कोड न वाचता फोन ठेवा. ‘मी बँकेला स्वतः फोन करतो’ एवढं वाक्य पुरे. तेही नाही बोललात तरी चालेल.

लोक इथे त्या माणसाची परीक्षा घ्यायला बसतात. त्याच्या प्रत्येक उत्तराकडे नीट बघा. त्यानं तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगितली, तर ती कुठल्या तरी फुटलेल्या यादीतून आली. कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले, तर ते पावत्यांवर छापलेले असतात. कर्मचारी क्रमांक सांगितला, तर तो तुम्ही कुठे पडताळणार? आणि स्क्रीनवर बँकेचं नाव किंवा नंबर दिसला, तर येणाऱ्या कॉलवर दिसणारा नंबर बनवता येतो. यातली एकही गोष्ट तो बँकेचा आहे हे सिद्ध करत नाही. उलट जितकं अधिक बोलाल तितकं त्याला तुमच्याकडून नवं काही मिळतं.

सावधान: मुद्दाम चुकीचा कोड सांगून त्याची फजिती करायची हौस काहींना असते. तो फॉर्मवर चुकीचे आकडे टाकत राहतो, ठरावीक प्रयत्नांनंतर तुमचंच खातं लॉक होऊ शकतं, आणि ज्या वेळी ॲपमधून कार्ड बंद करायचं तेव्हा तुम्हीच बाहेर उभे.

आणखी तीन मागण्या कोडच्याच पोटातल्या समजा. पहिली, ‘स्क्रीन दाखवा’ किंवा ‘हे छोटं ॲप टाका’. मग कोड वाचायची गरजच उरत नाही, तो त्याला दिसतो. दुसरी, ‘आत्ता एक दुसरा कॉल येईल, तो आपल्या कॉलला जोडून घ्या’. तो दुसरा कॉल यंत्राचा असतो, कोड आवाजात सांगणारा, आणि तुम्ही तो त्याच्या कानात नेऊन सोडता. तिसरी, ‘* किंवा # अशा चिन्हांनी सुरू होणारा हा नंबर डायल करा’. त्यानं तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. तिन्ही वेळा तुम्ही ‘कोड सांगितला नाही’ असं प्रामाणिकपणे म्हणाल आणि तरी कोड गेलेला असेल.

## टप्पा २: मेसेज पुसू नका, पूर्ण वाचा

हा टप्पा जवळजवळ प्रत्येकजण वगळतो. आपल्याला मेसेजमधले आकडे तेवढे वाचायची सवय लागलेली आहे, आणि फोनही आकडे आपोआप उचलून देतो, त्यामुळे बाकीचा मजकूर डोळ्यांखालून जातच नाही. खरी माहिती त्या मजकुरात आहे. कोड कशासाठी आहे हे कळलं की भामट्याकडे आधीपासून काय आहे हेही कळतं.

मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव असेल, तर तो ऑनलाइन खरेदीचा कोड आहे. म्हणजे तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर, मुदतीची तारीख आणि बहुधा मागचे तीन आकडेही त्याच्याकडे आहेत. हे कार्ड आता वाया गेलं असं समजा. कोड दिला नाही तरी कार्ड बदलावंच लागेल, कारण सगळ्याच दुकानांच्या साइट कोड मागतात असं नाही. कोड न मागणाऱ्या एखाद्या परदेशी साइटवर तेच कार्ड चालून जाऊ शकतं.

‘लॉगिन’साठी कोड असेल तर तुमचा ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड दोन्ही टाकून तो दाराशी उभा आहे. ‘पासवर्ड बदलण्यासाठी’ असेल तर पासवर्ड त्याच्याकडे नाही, पण ग्राहक क्रमांक किंवा कार्डाचे तपशील आहेत.

‘रजिस्टर’, ‘ॲक्टिव्हेट’, ‘नवीन डिव्हाइस’ असे शब्द असतील तर तो तुमचं बँकेचं ॲप स्वतःच्या फोनवर चालू करतोय. यादीतला सगळ्यात घातक प्रकार हाच, त्याबद्दल पुढे सविस्तर. ‘बेनिफिशियरी’ किंवा ‘पेयी’ असेल तर तो खात्याच्या आत आधीच शिरलेला आहे आणि पैसे पाठवायला नवं नाव जोडतोय. कोड नाकारून तुम्ही फक्त शेवटचा दरवाजा धरून ठेवला आहे.

‘वॉलेट’मध्ये कार्ड जोडण्याचा कोड लोकांना निरुपद्रवी वाटतो, कारण त्यात रक्कम नसते. पण एकदा कार्ड त्याच्या फोनच्या वॉलेटमध्ये बसलं की तो दुकानात फोन टेकवून खरेदी करत राहतो, आणि दरवेळी तुमच्याकडे कोड येतोच असं नाही.

कधी कोड बँकेचा नसतोच. मेसेजिंग ॲपचा, ईमेलचा किंवा मोबाइल नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा असतो. बोलणं मात्र बँकेचं. शेवटच्या प्रकारात त्याला तुमचा नंबरच हवा आहे, म्हणजे पुढचे सगळे कोड परस्पर त्याच्याकडेच जातील. अशा वेळी बँकेबरोबर मोबाइल कंपनीलाही लगेच कळवा. थोड्या वेळानं तुमच्या फोनचं नेटवर्क अचानक गेलं आणि परत आलंच नाही, तर रेंजला दोष देत बसू नका.

तपासा: मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या. कॉलची वेळ आणि दिसलेला नंबर कागदावर लिहा. कोड कशासाठी होता हे मजकुरात कुठेच नसेल तर तो ‘नवीन डिव्हाइस’चा होता असं धरून पुढे चला.

## टप्पा ३: बँकेला तुम्ही फोन करा

नंबर कार्डामागचा किंवा कागदावरचा. आलेल्या कॉलवर परत फोन नको, मेसेजमधल्या दुव्यावर बोट नको, आणि इंटरनेटवर ‘अमुक बँक कस्टमर केअर’ असं शोधून पहिला दिसेल तो नंबर तर मुळीच नको. शोधयादीत वरच्या जागी खोटे मदत क्रमांक पेरलेले असतात आणि एका भामट्यापासून सुटलेला माणूस स्वतःच्या हातानं दुसऱ्याला फोन लावतो.

शक्य असेल तर दुसऱ्या फोनवरून करा. भामट्याचा कॉल लँडलाइनवर आला असेल तर हे विशेष महत्त्वाचं. काही जुन्या व्यवस्थांमध्ये कॉल करणाऱ्यानं फोन ठेवला नाही तर तुम्ही ठेवूनही लाइन काही वेळ जोडलेलीच राहते. तुम्ही नंबर फिरवता, पलीकडे तोच बसलेला असतो, फक्त आवाज बदलून. दुसरा फोन नसेल तर आधी घरातल्या कुणाला तरी फोन लावून ओळखीचा आवाज ऐका, मग बँकेला लावा.

माणूस जोडला गेल्यावर कहाणी सांगत बसू नका. असं बोला: ‘माझ्याकडे बँकेच्या नावानं फोन आला. अमुक वाजता अमुक कामासाठी कोड आला. तो मी मागवलेला नाही. मी तो सांगितलेला नाही’, किंवा ‘सांगितला आहे’. लाज वाटून इथे खोटं बोलणारे मी फार पाहिलेत. सांगितला असेल तर पहिल्याच वाक्यात कबूल करा. समोरच्या कर्मचाऱ्यासमोर उघडणारी कामांची यादी दोन्ही वेळी वेगळी असते.

इथे एक गोंधळ होतो, तो आधीच सोडवून टाकू. तुम्ही बँकेला फोन केल्यावर काही बँका ओळख पटवायला तुमच्या नंबरवर कोड पाठवतात आणि तो फोनच्या बटणांवर दाबायला सांगतात. मग हे चालतं आणि ते का नाही? दोन गोष्टी बघायच्या. फोन कुणी कुणाला केला, आणि मेसेजमध्ये काय लिहिलंय. फोन तुम्ही केलाय, छापील नंबरवर केलाय, आणि मेसेजमध्ये तो फोनवरच्या ओळखीसाठी आहे असं स्पष्ट आहे, तर बटणांवर दाबा. यातली एक जरी गोष्ट बसत नसेल तर थांबा आणि शाखेत जा.

## टप्पा ४: कोड सांगितला नसेल, तरी हे बंद करा

टप्पा २ मध्ये जे कळलं त्यावरून काम ठरतं. खरेदीचा किंवा वॉलेटचा कोड होता, तर ते कार्ड कायमचं बंद करून नवीन मागवा. तात्पुरतं बंद करून आठवड्यानं पुन्हा सुरू केलं तर काही साधत नाही, कारण नंबर तोच राहतो. लॉगिनचा होता, तर पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड ईमेलला वापरत असाल तर तिथलाही. ‘नवीन डिव्हाइस’चा किंवा नवं नाव जोडायचा कोड होता, तर नेट बँकिंग पूर्ण थांबवायला सांगा आणि त्या दिवशी काय काय बदललं गेलं हे वाचून दाखवायला लावा. पत्ता, ईमेल, नोंदलेला मोबाइल नंबर यांपैकी एखादं त्यानं आधीच बदललेलं असू शकतं.

ज्यांनी कोड सांगितलेला नाही त्यांनी पुढचा टप्पा नुसता वाचून ठेवावा.

## टप्पा ५: कोड सांगून झाला असेल

आधी एक प्रकरण मिनिटामिनिटानं पाहू. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

संध्याकाळी ६:४२ ला एका निवृत्त शिक्षिकेला फोन आला. ६:४६ ला कोड आला, ६:४७ ला बाईंनी तो वाचला. मेसेजमध्ये ‘नवीन डिव्हाइसवर नोंदणी’ असं लिहिलेलं होतं, त्यांनी आकडेच पाहिले. मग त्या माणसानं फार गोड आवाजात सांगितलं, ‘व्यवहार थांबवलाय. आता दोन तास बँकेचं ॲप उघडू नका, दुरुस्ती चालू आहे. फोनही बंदच ठेवलात तर उत्तम.’ या दोन तासांसाठीच तर त्यानं एवढी उठाठेव केली होती. फोन बंद, म्हणजे पैसे गेल्याचे मेसेज दिसणार नाहीत.

७:१० ला पहिली रक्कम गेली. ८:०० ला मुलगा घरी आला, त्यानं फोन चालू केला, मेसेज पाहिला आणि ८:०५ ला नेट बँकिंगचा पासवर्ड बदलला. घरात सगळ्यांना वाटलं, वाचलो. ८:२० ला दुसरी रक्कम गेली. बँकेला फोन झाला ८:४० ला.

पासवर्ड बदलूनही ८:२० चा व्यवहार झाला कसा? ६:४७ नंतर भामट्याच्या फोनवर ते ॲप बाईंच्या नावानं नोंदलं गेलं होतं, आणि त्याला त्यानं स्वतःचा पिन लावला होता. बँकेच्या दृष्टीनं तो फोन आता बाईंचाच. त्या फोनला दरवेळी नेट बँकिंगचा पासवर्ड लागत नाही, त्याचा पिन पुरतो. घराची बाहेरची कडी बदलली, पण चोर आत बसून होता. ८:०५ ला बँकेला फोन लावला असता तर दुसरी रक्कम वाचली असती.

म्हणून क्रम असा ठेवा.

१. सगळ्यात आधी बँकेकडून खातं गोठवून घ्या. ॲपमधून कार्ड बंद करता येत असेल तर बँकेची लाइन लागेपर्यंत ते बटण दाबा, पण त्यावर थांबू नका. माणूस जोडला गेल्यावर चार गोष्टी नावानिशी मागा: कार्ड बंद करा, नेट आणि मोबाइल बँकिंग थांबवा, माझ्या खात्याला जोडलेली सगळी उपकरणं आणि वॉलेट काढून टाका, आज जोडलेली नवी नावं आणि ठरवून ठेवलेले पुढचे व्यवहार रद्द करा. तिसरी मागणी तुम्ही केली नाही तर ती अनेकदा राहून जाते. फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि वेळही.

२. मग लगेच फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर. भारतात तो १९३० आहे आणि तीच तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवता येते. ब्रिटनमध्ये १५९ हा क्रमांक सरकारी नाही, पण तो बहुतेक बँकांशी थेट जोडून देतो. भामटे पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, काही मिनिटांत पुढच्या आणि त्याच्या पुढच्या खात्यात ढकलतात. रक्कम वाटेत कुठे अडवता आली तर तेवढी हाती लागण्याची आशा असते, रोख निघाली की अवघड. ‘उद्या सकाळी शाखेत जाऊन बोलू’ हे वाक्य म्हणूनच महागात पडतं.

३. कॉल वळवलेले नाहीत ना ते पाहा. त्यानं तुमच्याकडून काही डायल करून घेतलं असेल तर हे जरुरीचं. पहिल्या ओळीनं स्थिती कळते, दुसरीनं वळवलेलं सगळं रद्द होतं:

```
*#21#
##002#
```

काही देशांत आणि कंपन्यांत हे डायल करून होत नाही. भारतात एप्रिल २०२४ पासून अशा आकड्यांनी कॉल वळवण्याची सोय थांबवण्याचे आदेश दिले गेले. मग फोनच्या कॉल सेटिंगमध्ये पाहा, नाहीतर मोबाइल कंपनीला विचारा.

४. त्यानं टाकायला लावलेलं ॲप काढा, पण त्याआधी स्क्रीनशॉट. आधी इंटरनेट बंद करा, मग ॲपच्या नावासह स्क्रीनशॉट घ्या, मग ॲप काढा. फोन पूर्ण पुसून टाकायची घाई नको. कॉलची नोंद आणि मेसेज त्यात आहेत, तेच तुमचे पुरावे.

५. आता पासवर्ड. दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून किंवा संगणकावरून. आधी ईमेलचा, मग बँकेचा. उलट केलंत तर बँकेचा नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा त्याच ईमेलवर जातो, आणि ते त्याच्या हातात असेल तर तुम्ही पुन्हा पहिल्या घरात.

तपासा: बँकेला पुन्हा फोन करून एवढंच विचारा, ‘माझ्या खात्याला आत्ता किती उपकरणं जोडलेली आहेत?’ उत्तर शून्य, किंवा तुमचं एक, असं असायला हवं. ‘बघून सांगतो’ हे उत्तर नाही.

## टप्पा ६: लेखी तक्रार

फोनवरची तक्रार व्यवहार थांबवते, लेखी तक्रार पैशांचा हिशेब ठेवते. ती त्याच दिवशी ईमेलनं पाठवा, दुसऱ्या दिवशी शाखेत नेऊन पोच घ्या. त्यात रडगाणं नको, वेळापत्रक हवं: कॉल कधी आला, कोड कधी आणि कशासाठी आला, कधी सांगितला, कोणता व्यवहार किती वाजता किती रकमेचा झाला, बँकेला किती वाजता कळवलं, तक्रार क्रमांक काय. वरच्या प्रकरणासारखी पाच-सहा ओळींची नोंद पुरते.

कळवण्याची वेळ इतकी का जपायची? भारतात रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याची विभागणी दिलेली होती. ग्राहकानं स्वतः कोड किंवा पासवर्ड देऊन नुकसान ओढवून घेतलं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. वरच्या बाईंनी ८:०५ ला कळवलं असतं तर ८:२० ची रक्कम बँकेच्या गळ्यात पडली असती. पंधरा मिनिटांनी रक्कम कुणाच्या नावावर पडते ते असं बदलतं. इतर देशांतले नियम वेगळे आहेत, पण कळवल्याची वेळ सगळीकडेच विचारली जाते.

सावधान: तक्रारीत ‘कोड कुणालाच सांगितला नाही’ असं लिहायचा मोह होईल. बँकेकडे कोड कधी पाठवला, कधी आणि कोणत्या उपकरणावरून टाकला गेला याची सेकंदासह नोंद असते. एक वाक्य खोटं निघालं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही विश्वास उरत नाही.

## टप्पा ७: पुढचे काही आठवडे

खात्याचा उतारा रोज बघा, आणि मोठ्या रकमांपेक्षा लहान रकमांकडे लक्ष द्या. कार्ड अजून चालतंय का हे तपासायला भामटे आधी अगदी किरकोळ रक्कम वळती करून पाहतात. अशी एक जरी ओळ दिसली तरी टप्पा ३ पासून पुन्हा सुरू करा.

आणि दुसरा फोन येणार हे धरून चाला. एकदा कोड देणाऱ्याचा नंबर पुढे विकला जातो. या वेळचा माणूस बँकेतला नसेल. तो पोलीस असेल, वकील असेल किंवा ‘रक्कम परतावा विभागा’तला असेल. त्याला किती रक्कम गेली आणि कोणत्या दिवशी गेली, हे बरोब्बर माहीत असेल, कारण ती त्याच्याच टोळीनं नेलेली असते, नाहीतर नंबरासोबत हेही त्यानं विकत घेतलेलं असतं. तो म्हणेल, ‘तुमचे पैसे अडवून ठेवलेत, खात्यात परत टाकतो, फक्त तुमच्या नंबरवर आलेला कोड सांगा.’ खात्यात पैसे जमा करायला तुमचा कोड लागत नाही. फोन ठेवा, कागदावरचा नंबर लावा, आणि टप्पा ६ मधला तक्रार क्रमांक देऊन विचारा की बँकेतून खरंच कुणी फोन केला होता का.